एकाच लोगोच्या तीन रेषा: आर्किटेक्टचे व्हिजिटिंग कार्ड आणि लेटरहेड करताना

मे महिन्याच्या अखेरीस कोथरूडच्या एका आर्किटेक्ट मॅडमनी मला व्हिजिटिंग कार्ड आणि लेटरहेडचे काम सांगितले. मोठ्या फर्ममधली नोकरी सोडून त्यांनी घरूनच स्वतंत्र काम सुरू केले होते. लोगो आधीच तयार होता आणि तो त्यांच्या मनासारखा होता, त्यामुळे त्याच्या मूळ कल्पनेला हात न लावता कार्ड आणि लेटरहेड त्याच्याशी सुसंगत करायचे, एवढीच अपेक्षा होती. माझे बहुतेक काम स्क्रीनसाठी असते. छापील स्टेशनरीचा पूर्ण संच मी पहिल्यांदाच हाती घेत होते. लोगो कोपऱ्यात बसवला की काम झाले, इतके ते सरळ नाही, हे पहिल्या आठवड्यातच कळले. प्रत्यक्ष छापून हातात यायला ऑगस्ट उजाडला. ज्यांना असे काम करायचे किंवा करून घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी ते क्रमाने लिहिते.

३ जूनला पहिली भेट झाली. लोगो वाड्याच्या नकाशावरून सुचलेला आहे: एकात एक असे तीन चौकोन, बाहेरचा जाड रेषेचा, मधला त्याहून बारीक आणि आतला सर्वांत बारीक. बाहेरच्या चौकोनाच्या उजव्या बाजूला दरवाजासारखी एक फट सोडलेली आहे. रंग विटकरी. नकाशात कापलेली भिंत जाड आणि बाकीचे बारीक दाखवतात, तीच शिस्त या तीन रेषांत आहे, असे मॅडमनी समजावून सांगितले. मी त्यांना सगळ्यात आधी विचारले की लेटरहेड नेमके कुठे कुठे जाणार आहे, आणि पुढचे निम्मे निर्णय त्या उत्तरावरून झाले. महापालिकेच्या बांधकाम विभागाला दिलेली पत्रे, गृहकर्जासाठी बँकेला द्यायचे खर्चाचे अंदाजपत्रक, महारेराच्या प्रकल्पांसाठी काम किती टक्के पूर्ण झाले याचे आर्किटेक्टचे प्रमाणपत्र, कंत्राटदाराच्या बिलांवरचे शेरे, आणि ग्राहकांशी होणारा साधा पत्रव्यवहार. याचा अर्थ हा कागद शिक्के खाणार, पंच होणार, झेरॉक्स होणार आणि स्कॅन होऊन कुठल्या तरी पोर्टलवर चढणार. नुसता टेबलावर सुंदर दिसणारा कागद इथे पुरेसा नव्हता.

मजकूर ठरवण्याची बैठकही त्याच दिवशी झाली आणि ती अपेक्षेपेक्षा लांबली. १९७२ च्या आर्किटेक्ट्स अॅक्टनुसार ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेली व्यक्ती किंवा अशा आर्किटेक्टांची फर्म यांनाच लावता येते. म्हणून नावाखाली नोंदणी क्रमांक छापायचे ठरले. ‘सीए’, मग नोंदणीचे वर्ष आणि मग क्रमांक असा तो लिहितात. मी मॅडमकडून नोंदणी प्रमाणपत्राची प्रत मागून घेतली आणि क्रमांक त्यावरूनच उतरवला, कारण फोनवर सांगितलेला आकडा पाचशे प्रतींवर छापण्याची माझी तयारी नव्हती. कौन्सिलच्या १९८९ च्या व्यावसायिक आचरणाच्या नियमांत आर्किटेक्टने आपल्या सेवेची जाहिरात करण्यावर बंधने आहेत. त्यामुळे घोषवाक्य, सेवांची यादी, ‘किफायतशीर दरात’ यांसारखे शब्द कार्डावर नकोत, असे मॅडमनी सुरुवातीलाच बजावले. मला ते मनापासून पटले. नाव, बिरुद, नोंदणी क्रमांक, फोन, ईमेल आणि पत्ता एवढाच मजकूर राहिला. तो इतका कमी होता की कार्डाला श्वास घ्यायला जागा मिळाली.

त्यानंतर लोगोची मूळ फाइल मिळवण्यात दहा-बारा दिवस गेले. मॅडमकडे फक्त व्हॉट्सअॅपवरून आलेले चित्र होते. ज्यांनी लोगो केला होता, ते परगावी होते आणि फाइल जुन्या संगणकावर होती. अशा कामात पहिली मागणी व्हेक्टर, म्हणजे रेषांच्या स्वरूपातल्या फाइलचीच करावी आणि ती येईपर्यंत मजकूर, कागद, मोजमापे ही कामे उरकून घ्यावीत. चित्रावरून लोगो पुन्हा गिरवता येतो, पण मूळ रेषांची जाडी किती होती हे त्यावरून नक्की कळत नाही, आणि या लोगोचा सगळा अर्थ रेषांच्या जाडीतच होता.

फाइल आली तेव्हा लोगो ६० मिलिमीटर रुंदीवर काढलेला होता. रेषांची जाडी अनुक्रमे ३, १.५ आणि ०.७५ पॉइंट होती, म्हणजे प्रत्येक रेषा आधीच्या रेषेच्या निम्मी. आता कार्डाचा विचार करा. आपल्याकडचे नेहमीचे कार्ड साडेतीन इंच बाय दोन इंच, म्हणजे सुमारे ८९ बाय ५१ मिलिमीटर असते. त्यावर लोगो १२ मिलिमीटरचा ठेवला तर तो मुळाच्या एक पंचमांश होतो आणि रेषाही तितक्याच बारीक होतात: ०.६, ०.३ आणि ०.१५ पॉइंट. छपाईत पाव पॉइंटच्या खालच्या रेषेचा भरवसा धरत नाहीत. ती कुठे उमटते, कुठे तुटते. इलस्ट्रेटरमध्ये Scale Strokes & Effects हा पर्याय बंद ठेवून लोगो लहान केला, तर उलटेच होते: रेषा ३ पॉइंटचीच राहते, चौकोन आक्रसतात आणि सगळे मिळून एक विटकरी डाग दिसतो. पर्याय चालू ठेवा वा बंद, १२ मिलिमीटरवर तो लोगो लोगो राहत नव्हता.

मी दोन्ही प्रकार ३०० जीएसएमच्या कागदावर डिजिटल प्रूफ काढून मॅडमना दाखवले. स्क्रीनवर मोठे करून दाखवले असते, तर पहिला प्रकार उत्तम दिसला असता, म्हणून प्रूफ कागदावरच दाखवावे. आतला चौकोन दोन ठिकाणी तुटला होता आणि हात लांब केला की तो दिसतच नव्हता. मी सुचवले की कार्डासाठी लोगो वेगळा काढूया आणि त्यात दोनच चौकोन ठेवूया. मॅडमनी स्पष्ट नकार दिला. ‘तीन रेषा म्हणजेच माझा लोगो आहे. कार्डावर दोन आणि लेटरहेडवर तीन, मग सुसंगत काय राहिले?’ असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता.

उत्तर त्यांच्याच टेबलावर सापडले. तिथे एका बंगल्याचे नकाशे पसरलेले होते. मोठ्या प्रमाणावरच्या, १:५० च्या नकाशात खिडकीची चौकट, काच आणि बाहेरचा उंबरठा अशा वेगवेगळ्या रेषा होत्या. १:२०० च्या नकाशात तीच खिडकी भिंतीतली एक साधी रेघ झाली होती आणि भिंती गडद भरून टाकल्या होत्या. मी विचारले, ‘हा दुसरा नकाशा पहिल्यावरून छोटा करून काढलात का?’ त्या म्हणाल्या, ‘छे, छोटा करून कसा चालेल? या प्रमाणावर जे वाचता येणार नाही, ते काढायचेच नसते.’ एवढे बोलून त्या थांबल्या, पुन्हा प्रूफ हातात घेतले आणि म्हणाल्या, ‘बरं, मग याचाही १:२०० काढा.’

या कामातून मला जे सांगायचे आहे, ते मुख्यतः हेच आहे. लोगोशी सुसंगत राहणे म्हणजे एकच फाइल सगळीकडे लहानमोठी करून चिकटवणे नव्हे. पाहणाऱ्याला सगळीकडे तोच लोगो दिसावा, यासाठी प्रत्येक आकाराला तो थोडा वेगळा काढावा लागतो. आम्ही तीन आवृत्त्या ठरवल्या. ४० मिलिमीटरच्या वर मूळ लोगो जसाच्या तसा. १५ ते ४० च्या दरम्यान तीनही चौकोन, पण बारीक रेषा जाड केलेल्या. १५ च्या खाली दोनच चौकोन.

लहान आवृत्ती काढताना सर्वांत जास्त वेळ फटीने घेतला. मूळ लोगोची बाजू बारा भागांत विभागली, तर फट बरोबर एका भागाएवढी आहे. १२ मिलिमीटरच्या लोगोत ती एक मिलिमीटर होते. पण लहान आवृत्तीत बाहेरची रेषा १.१ पॉइंटची केली होती, शिवाय अनकोटेड, म्हणजे लेप नसलेल्या कागदावर शाई थोडी पसरते, त्यामुळे फट मिटल्यासारखी दिसू लागली. दार बंद झाले तर वाड्याचा नकाशा जाऊन नुसती चौकट उरते. फट १.४ मिलिमीटर केल्यावर ती कागदावर मूळ लोगोइतकीच उघडी दिसली. मापाने ती आता वेगळी होती आणि डोळ्याला तीच होती. आतली रेषा ०.५ पॉइंटवर स्थिरावली. शेवटी Object मेनूतला Expand वापरून सगळ्या रेषांचे आकार करून टाकले, म्हणजे पुढे कोणीही फाइल लहानमोठी केली तरी जाडीचे प्रमाण बिघडणार नाही. प्रत्येक फाइलच्या नावातच ती कोणत्या आकारासाठी आहे हे लिहिले.

आवृत्त्या वेगळ्या असल्यावर कार्ड आणि लेटरहेडला बांधून ठेवणारे दुसरे काही तरी हवे होते. ते काम आम्ही त्या फटीकडेच दिले. फट उजवीकडे उघडते, म्हणून मजकूर नेहमी लोगोच्या उजवीकडे आणि नावाची ओळ फटीच्या उंचीवर, जणू नाव दारातून बाहेर येते आहे. कार्डावरही हेच आणि लेटरहेडवरही हेच. लोगो आणि नाव यांच्यातले अंतर लोगोच्या बाजूचा चौथा हिस्सा, म्हणजे कार्डावर ३ मिलिमीटर आणि लेटरहेडवर, जिथे लोगो १८ मिलिमीटरचा आहे, तिथे ४.५ मिलिमीटर. दोन्ही शेजारी ठेवल्यावर ती एकाच हाताची वाटतात, याचे बरेचसे श्रेय या एका नात्याला आहे.

मजकूर कार्डाच्या एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी असा ठेवला, कारण मॅडमचे निम्मे ग्राहक मुळशी आणि भोरकडे घरे बांधणारे आहेत आणि बाकीचा संबंध अभियंते, सल्लागार आणि बँकांशी येतो. दोन्ही लिपींना एकाच घरातला फॉन्ट हवा होता. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ निवडला, कारण त्याच्या देवनागरी आणि रोमन अक्षरांची जाडी एकमेकांना धरून आहे आणि लोगोच्या सरळ रेषांशेजारी तो शांत बसतो. तरीही दोन्ही बाजूंना एकच आकडा घालून चालले नाही. देवनागरीत वेलांट्या वर आणि उकार खाली जातात, त्यामुळे तिला ओळींमध्ये जास्त जागा लागते. इंग्रजी बाजू ८ पॉइंटवर ११ चे अंतर देऊन बसली. मराठी बाजूला ८.५ पॉइंट आणि १२.५ चे अंतर द्यावे लागले, तेव्हा कार्ड उलटून पाहताना मजकुराचा पसारा सारखा वाटला. फोन क्रमांकाचे आकडे मात्र दोन्हीकडे इंग्रजीच ठेवले, कारण क्रमांक वाचून दाखवणारा कोणीही असू शकतो.

कार्डाच्या कडेने, तीन मिलिमीटर आत, नकाशाच्या शीटवर असते तशी एक बारीक चौकट असावी, अशी मॅडमची इच्छा होती. कल्पना लोगोला साजेशी होती, पण मी ती न करण्याचा सल्ला दिला. कटिंगमध्ये अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. कडेला कोरी जागा असेल तर ते कोणाच्या लक्षात येत नाही. चौकट असेल तर एका बाजूला अडीच आणि दुसऱ्या बाजूला साडेतीन मिलिमीटर दिसते, आणि मापांवर पोट असलेल्या माणसाच्या कार्डावर तर ते फारच खटकते. मी डिजिटल प्रूफची एक शीट चौकटीसह कापून आणली. त्यातली कार्डे एकावर एक ठेवून कडेने पाहिल्यावर मॅडमनी स्वतःच चौकट काढायला सांगितली.

लेटरहेडची मांडणी जूनच्या शेवटच्या आठवड्यात केली, आणि इथे सरकारी कार्यालयांचा रिवाज समोर ठेवला. आवक विभागाचा शिक्का पत्राच्या वरच्या भागात जिथे मोकळी जागा दिसेल तिथे बसतो, म्हणून लोगो आणि नाव वर डावीकडे ठेवून उजवा वरचा कोपरा मुद्दाम रिकामा सोडला. पंचाची भोके कडेपासून साधारण १२ मिलिमीटरवर पडतात आणि फाइलला लावल्यावर तेवढा भाग दोरीत दबतो, म्हणून डावा समास २५ मिलिमीटर. पत्ता आणि फोन खाली एका ओळीत, कडेपासून १२ मिलिमीटर वर. सहीच्या जागी मॅडमचा गोल शिक्का येतो, त्यामुळे मजकुरामागे पुसट लोगो छापण्याची पद्धत आम्ही घेतली नाही. शिक्का, सही आणि तो पुसट लोगो एकमेकांवर आले की झेरॉक्समध्ये काहीच वाचता येत नाही. पाकिटासाठी कागदाची तिघडी ९९ आणि १९८ मिलिमीटरवर पडते, तिथेही काही येणार नाही हे पाहून घेतले.

झेरॉक्सची परीक्षा प्रत्येकाने घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. लेटरहेडच्या प्रूफची कोपऱ्यावरच्या दुकानात काळी-पांढरी प्रत काढली आणि मग त्या प्रतीची प्रत काढली, कारण कार्यालयांत बहुतेक वेळा तेच होते. मधल्या आवृत्तीत आतली रेषा ०.५ पॉइंटची होती. पहिल्या प्रतीत ती करडी पडली आणि दुसऱ्या प्रतीत खालच्या बाजूने नाहीशी झाली. विटकरी रंग काळ्या-पांढऱ्यात करडा होतो आणि यंत्र तो ठिपक्यांनी दाखवते, त्यामुळे काळ्या रेषेला जी जाडी पुरते ती या रंगाला पुरत नाही. रेषा ०.७ केल्यावर दुसऱ्या प्रतीतही तीनही चौकोन टिकले. याच कारणाने पत्ता करड्या रंगात छापायचा बेत सोडून दिला. छपाईतला करडा हा काळ्याच्या ठिपक्यांचा असतो, आणि आठ पॉइंटच्या अक्षरांच्या कडा त्याने करवतीसारख्या दातेरी होतात. सगळा मजकूर पूर्ण काळ्यात, फक्त लोगो विटकरी.

रंगाचा प्रश्न जुलैच्या पहिल्या आठवड्यात शनिवार पेठेतल्या प्रेसमध्ये सुटला. मी कार्डासाठी मॅट आर्ट कार्ड आणि लेटरहेडसाठी बाँड कागद असे मनात धरले होते. प्रेसच्या काकांनी एकाच शाईचे दोन नमुने पुढे ठेवले. आर्ट कार्डावर रंग भाजलेल्या विटेसारखा तेजदार होता आणि बाँडवर तोच तपकिरीकडे झुकलेला, मळका दिसत होता. ‘ताई, शाई तीच आहे. कागद पितो,’ एवढेच ते म्हणाले. आर्ट कागदावर लेप असतो, त्यामुळे शाई वर राहते. बाँडवर ती आत झिरपते. पँटोनच्या शेडकार्डातही एकाच क्रमांकाच्या रंगाला कोटेड आणि अनकोटेड अशी दोन वेगळी पाने असतात, ती याचसाठी. चार रंगांच्या ठिपक्यांतून विटकरी बनवला तर हा फरक आणखी वाढतो, शिवाय बारीक रेषेत रंग एकमेकांवरून सरकण्याचा धोका राहतो. म्हणून विटकरी ही तयार मिसळलेली एक शाई आणि दुसरी काळी, अशा दोनच रंगांत छापायचे ठरले.

पण नुसती शाई एक केल्याने भागणार नव्हते, कागदही जवळचे हवे होते. कार्ड आणि लेटरहेड दोन्ही अनकोटेड घेतले, कार्ड ३५० जीएसएमचे आणि लेटरहेड १०० जीएसएमचे. पांढऱ्यातही निळसर आणि पिवळसर अशा छटा असतात, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली त्या कळत नाहीत. नमुने बाहेर रस्त्यावर, दिवसाच्या उजेडात शेजारी धरून पाहिले, तेव्हा पहिल्या पसंतीचे कार्ड लेटरहेडच्या मानाने निळे निघाले, म्हणून दुसरे घेतले. कार्डाला लॅमिनेशन करायचे नाही हेही तेव्हाच ठरवले, कारण त्या थराने रंग पुन्हा बदलतो आणि लेटरहेडशी फारकत होते. अनकोटेड कार्ड लवकर मळते, हा त्याचा तोटा आहे, आणि मॅडमनी तो ऐकून घेऊन मान्य केला. लेटरहेडवर सोनेरी फॉइल किंवा उठावाची छपाई करावी का, असेही त्यांनी विचारले होते. तो कागद पुढे घरच्या लेझर प्रिंटरमधून जाणार असेल तर ते टाळावे, कारण टोनर वितळवणाऱ्या रोलरच्या उष्णतेने फॉइल आणि उठावाची पावडर सुटून प्रिंटरला चिकटू शकते.

छपाईची फाइल पाठवण्याआधी दोन गोष्टी तपासल्या. पहिली म्हणजे देवनागरी. फॉन्ट तसाच ठेवून फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली, तर ‘आर्किटेक्ट’ या एका शब्दात काय काय बिघडू शकते ते पाहा: रफार ‘क’वरून सरकतो, वेलांटी चुकीच्या अक्षराला लागते आणि शेवटचे जोडाक्षर पाय मोडून उभे राहते. म्हणून सगळा मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून पाठवला. कर्व्ह केल्यावर तो दुरुस्त करता येत नाही, तेव्हा मूळ फाइल वेगळी जपून ठेवावी आणि कर्व्ह केलेली प्रत पुन्हा अक्षर अक्षर वाचावी. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आले आहेत की हिंदी, हेही त्याच वाचनात पाहून घेतले. दुसरी गोष्ट प्लेटांची. लोगोच्या तीन आवृत्त्या वेगवेगळ्या दिवशी केल्यामुळे विटकरी रंगाला दोन निरनिराळी नावे पडली असती, तर यंत्राने त्यांना दोन रंग समजून दोन प्लेटा काढल्या असत्या. अॅक्रोबॅटमधल्या Output Preview मध्ये एकेक प्लेट बंद-चालू करून पाहता येते. तिथे काळी आणि विटकरी अशा दोनच दिसल्या, तेव्हा १५ जुलैला फाइल दिली.

त्यानंतर थांबावे लागले. गणपतीच्या आधीचे आठवडे म्हणजे पेठांमधल्या प्रेसना वर्गणीची पावतीपुस्तके, अहवाल आणि कार्यक्रमपत्रिकांचा हंगाम. पाचशे कार्डांसारख्या कामाला त्यात मधली जागा मिळते. घाई असेल तर जूनच्या आत किंवा गणपती झाल्यावर काम द्यावे. आमचा नंबर जुलैच्या शेवटी लागला आणि पहिल्या शीट निघताना मी तिथे थांबले. सुरुवातीला शाई जास्त होती आणि कार्डावरच्या दोन चौकोनांमधली जागा भरल्यासारखी दिसत होती. काकांनी भिंगातून पाहिले, शाई कमी केली आणि काही शीट वाया घालवल्यावर ती जागा मोकळी झाली. ती शीट मी सही करून नमुना म्हणून ठेवली. पावसाळ्याच्या दमट हवेत अनकोटेड कागदावरची शाई सावकाश वाळते आणि ओल्या शीट एकावर एक रचल्या तर वरच्या शीटच्या पाठीवर डाग उमटतात. त्यामुळे छपाईनंतर लगेच कटिंग न करता त्यांनी थप्प्या लहान लहान करून दोन दिवस ठेवल्या. हे दिवस गृहीत धरूनच तारीख सांगावी.

खर्च असा आला: पाचशे कार्डे, दोन्ही बाजूंनी, सुमारे ३,२०० रुपये, पाचशे लेटरहेड सुमारे ३,८०० रुपये, डिजिटल प्रूफ आणि झेरॉक्स मिळून सहाशेच्या आसपास. जीएसटी वेगळा. दोन रंगांच्या ऑफसेटमध्ये प्लेट आणि यंत्र लावण्याचा खर्च ठरलेला असतो, त्यामुळे शंभर प्रती घेतल्या तरी रक्कम फारशी उतरत नाही. ज्यांचा पत्ता लवकरच बदलणार आहे, त्यांनी कमी प्रती डिजिटलवर काढाव्यात, मात्र तिथे रंग चार शाईंतून बनतो हे ध्यानात ठेवून रेषा थोडी आणखी जाड करावी.

छापील लेटरहेड मॅडम सही-शिक्क्याच्या पत्रांसाठी ठेवतात. ईमेलने जाणाऱ्या पीडीएफसाठी वर्डमध्ये वेगळा साचा करून दिला. त्यात Different First Page निवडल्यामुळे पहिल्या पानावर पूर्ण शीर्ष येते आणि पुढच्या पानांवर फक्त लहान आवृत्तीचा लोगो आणि पान क्रमांक. वर्डमध्ये मजकूर लिहिताना शीर्षातला लोगो फिका दिसतो, तो छापताना किंवा पीडीएफ करताना पूर्ण गडद येतो, हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर फोन येतोच. काळ्या-पांढऱ्या प्रिंटरसाठी लोगो पूर्ण काळ्यात असलेला दुसरा साचाही दिला. विटकरी लोगो अशा प्रिंटरवर काढला की तो पुन्हा ठिपक्यांचा करडा होतो आणि झेरॉक्सच्या परीक्षेत जे टाळले, तेच समोर येते.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सगळे गठ्ठे पोहोचवले. सोबत एका पानाची सूचनाही दिली: कोणत्या रुंदीला कोणती फाइल, विटकरी शाईचा क्रमांक, कागदांची नावे आणि जीएसएम, फट कुठल्या उंचीवर असते आणि नाव तिच्यापासून किती अंतरावर. पुढच्या वेळी छपाई दुसऱ्या कोणी केली, तरी त्या पानावरून तेच कार्ड निघावे. मॅडमनी आता साइटवर लावायच्या पाटीचे काम दिले आहे. कौन्सिलच्या १९८९ च्या नियमांनुसार इमारतीवर आर्किटेक्टच्या नावाची अक्षरे १० सेंटिमीटरहून उंच असू नयेत. तेव्हा आधी अक्षरांची उंची ठरेल, त्या अक्षरांच्या मानाने लोगोची बाजू ठरेल, आणि तिथे तीन रेषांची मूळ आवृत्ती पहिल्यांदाच वापरता येईल.